आयपी कॅमेऱ्याच्या अलार्म आउटपुटला सायरन किंवा दिवा जोडणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅमेऱ्याला अलार्म आउटच्या दोन वायरी आहेत. सायरन थेट त्यांनाच जोडला तर चालेल का?

नाही. त्या वायरींतून वीज मिळत नाही, फक्त इशारा मिळतो. हालचाल दिसली की कॅमेरा आतला एक छोटा स्विच चालू करतो, आणि त्या स्विचची ताकद फार थोडी असते. माहितीपत्रकात ती लिहिलेली असते. कुठे "१२ व्होल्ट, ३० मिलिअँप", कुठे "३० व्होल्ट, १०० मिलिअँप", तर मोठ्या कॅमेऱ्यांत कधी "२४ व्होल्ट, १ अँप". साधा १२ व्होल्टचा सायरन मात्र ३०० मिलिअँपपासून १ अँपपर्यंत खेचतो.

थेट जोडलेला सायरन पहिले काही दिवस व्यवस्थित वाजतो, म्हणून ही चूक लवकर लक्षात येत नाही. मग एका रात्री तो सुरू होतो आणि थांबतच नाही, कारण आतला छोटा स्विच जळताना बहुतेकदा चिकटून कायमचा चालू राहतो. तो दुरुस्त करायचा म्हणजे आख्खा कॅमेरा उघडायचा. म्हणून मध्ये रिले, म्हणजे कॉईलच्या थोड्या प्रवाहाने चालणारा वेगळा स्विच, घालायचा. कॅमेरा फक्त रिलेची कॉईल ओढतो, आणि सायरनचा प्रवाह रिलेच्या जाड कॉन्टॅक्टमधून जातो.

माझ्या कॅमेऱ्याचं आउटपुट कोणत्या प्रकारचं आहे, हे कसं ओळखायचं?

दोन प्रकार भेटतात. पहिला "कोरडा कॉन्टॅक्ट". यात दोन्ही वायरी आतल्या रिलेच्या असतात आणि कॅमेऱ्याच्या पुरवठ्याशी त्यांचा संबंध नसतो. दुसरा "ओपन कलेक्टर". यात एक वायर आउट असते आणि दुसरी ग्राउंड. इशारा आला की कॅमेरा आउटची वायर ग्राउंडला चिकटवतो, एरवी ती मोकळी लोंबकळत असते.

माहितीपत्रक हाताशी असेल तर तेच पाहा. नसेल आणि कॅमेरा १२ व्होल्टच्या अॅडाप्टरवर चालणारा असेल, तर पुरवठा बंद करून मल्टिमीटर बझरवर ठेवा. अलार्म आउटचं एकेक टोक पॉवर पिनच्या ऋण बाजूशी लावून बघा. एखादं टोक वाजलं तर ते ग्राउंड, म्हणजे आउटपुट बहुधा ओपन कलेक्टर आहे. एकही वाजलं नाही तर बहुधा कोरडा कॉन्टॅक्ट आहे. तरीही शंका राहिली तर ओपन कलेक्टर समजूनच जोडा. खाली दिलेली जोडणी दोन्हींना चालते. उलट मात्र करू नका, कारण कोरड्या कॉन्टॅक्टला ध्रुव नसतात आणि ओपन कलेक्टरला असतात.

सामान काय लागेल?

एक नेहमीचं उदाहरण धरू. कॅमेरा पीओईवर, म्हणजे नेटवर्क केबलमधूनच येणाऱ्या विजेवर चालतो, त्याचं आउटपुट ओपन कलेक्टर आहे आणि मर्यादा १०० मिलिअँप. सायरन १२ व्होल्टचा, ५०० मिलिअँप घेणारा. सोबत अंगणात घरगुती विजेवरचा एक एलईडी फ्लडलाइट. त्यासाठी हे लागतं:

- १२ व्होल्ट डीसी कॉईलचे दोन रिले, एक सायरनसाठी आणि एक दिव्यासाठी. पीसीबीवर बसणाऱ्या लहान चौकोनी रिलेची कॉईल साधारण ४०० ओहमची असते, म्हणजे एकेक ३० मिलिअँप घेते. दोन्ही मिळून ६०, म्हणजे १०० च्या आत.
- `1N4007` डायोड, दोन.
- १२ व्होल्ट, २ अँपचा पुरवठा.
- १ अँपचा फ्यूज, होल्डरसह.
- एक चालू-बंद स्विच, सायरनच्या वायरमध्ये घालायला. तपासणी करताना हा नसेल तर शेजारी आधी कंटाळतात आणि मग चिडतात.
- चाचणीसाठी १२ व्होल्ट, ५ वॅटचा गाडीतला छोटा बल्ब. तो कशासाठी, हे पुढे येतं.

आउटपुटची मर्यादा फक्त ३० मिलिअँप असेल तर असे दोन रिले थेट ओढू नका. एक रिलेसुद्धा तिथे अगदी काठावर येतो. तेव्हा ऑप्टोकपलर, म्हणजे प्रकाशाने इशारा पुढे देणारा भाग, असलेलं तयार रिले मॉड्यूल घ्या. त्याच्या इनपुटला काही मिलिअँपच लागतात.

जोडणी वायरवार सांगा.

पुरवठ्याच्या धन टोकाला आधी फ्यूज. फ्यूजनंतर ही धन वायर तीन ठिकाणी जाते: पहिल्या रिलेच्या कॉईलच्या एका टोकाला, दुसऱ्या रिलेच्या कॉईलच्या एका टोकाला, आणि पहिल्या रिलेच्या कॉम, म्हणजे सामाईक कॉन्टॅक्टला. दोन्ही कॉईलची उरलेली टोकं एकत्र करून कॅमेऱ्याच्या आउटला जोडा. पुरवठ्याचं ऋण टोक कॅमेऱ्याच्या अलार्म ग्राउंडला आणि सायरनच्या काळ्या वायरला. पहिल्या रिलेच्या एनओ, म्हणजे एरवी उघड्या आणि रिले ओढल्यावर जुळणाऱ्या कॉन्टॅक्टमधून निघालेली वायर स्विचमधून सायरनच्या लाल वायरला. झालं.

यात सगळ्यात जास्त विसरली जाते ती पुरवठ्याच्या ऋण टोकापासून कॅमेऱ्याच्या ग्राउंडपर्यंतची वायर. कॅमेरा पीओईवर असल्यामुळे त्याचा आणि १२ व्होल्टच्या पुरवठ्याचा एरवी काहीच संबंध नसतो. ही वायर नसेल तर कॉईलमधून गेलेल्या प्रवाहाला परतायला वाट नाही. कॅमेऱ्याच्या पडद्यावर अलार्म दिसतो, नोंदही होते, रिले मात्र टकसुद्धा करत नाही.

कोरडा कॉन्टॅक्ट असेल तरी हीच जोडणी ठेवा. त्याचं एक टोक कॉईलकडे, दुसरं पुरवठ्याच्या ऋण टोकाकडे. कुठलं कुठे, याने फरक पडत नाही.

डायोड कशाला? नसला तरी चालतो असं दिसतं.

दिसतं खरं, पण काही दिवसच. रिलेची कॉईल बंद होताना तिच्यातला प्रवाह एका क्षणात थांबायला तयार नसतो. त्या क्षणी कॉईलच्या टोकांवर १२ च्या जागी शंभरावर व्होल्टचा झटका तयार होऊ शकतो, आणि तो कॅमेऱ्याच्या ३० व्होल्ट सहन करणाऱ्या ट्रान्झिस्टरवर आदळतो. डायोड कॉईलच्या दोन टोकांवर आडवा बसतो आणि तो प्रवाह कॉईलमध्येच फिरवून जिरवतो. पांढऱ्या पट्टीचं टोक धन बाजूला. प्रत्येक कॉईलला वेगळा डायोड, शक्यतो रिलेच्या पायांवरच.

उलटा बसलेला डायोड मात्र नसलेल्यापेक्षा वाईट. मग कॅमेऱ्याने आउट ग्राउंडला चिकटवताच पुरवठ्याचे १२ व्होल्ट डायोडमधून सरळ त्या ट्रान्झिस्टरवर जातात. १ अँपचा फ्यूज त्याला वाचवू शकत नाही. फ्यूज उडेपर्यंत ट्रान्झिस्टर गेलेला असतो.

म्हणून तो छोटा बल्ब. कॅमेरा जोडण्याआधी, जी वायर आउटला जायची आहे ती या बल्बमधून पुरवठ्याच्या ऋण टोकाला लावा. रिले टक करून ओढला आणि बल्ब काळाच राहिला तर सगळं ठीक, कारण कॉईलच्या थोड्याशा प्रवाहाने बल्ब पेटत नाही. बल्ब लख्ख पेटला आणि रिले गप्प बसला तर एखादा डायोड उलटा आहे.

तयार रिले मॉड्यूल घेतलं तर?

चांगलंच. डायोड आणि ऑप्टोकपलर त्यात आधीच असतात. फक्त ते "लो ट्रिगर" आहे की "हाय ट्रिगर", हे पाहून घ्या. ओपन कलेक्टर आउटपुट वायर खाली खेचू शकतं, वर ढकलू शकत नाही. त्यामुळे लो ट्रिगरच हवं. हाय ट्रिगरचं मॉड्यूल अशा कॅमेऱ्याला जोडलं की ते कधीच चालू होत नाही, आणि दोष उगाच कॅमेऱ्याला दिला जातो. काही मॉड्यूलवर निवडीसाठी जंपर असतो. मॉड्यूलचा व्होल्टही पुरवठ्याशी जुळला पाहिजे. ५ व्होल्टचं मॉड्यूल १२ व्होल्टवर लावलं तर कॉईल तापते.

घरगुती विजेवरचा दिवा जोडताना काय वेगळं करायचं?

दुसऱ्या रिलेच्या कॉममध्ये फेज, आणि एनओमधून दिव्याकडे. न्यूट्रल आणि अर्थिंग सरळ दिव्याकडे, मध्ये काही नाही. न्यूट्रल तोडून फेज चालू ठेवली तरी दिवा विझतो, पण त्याच्या आत वीज खेळतच राहते. पुढे दिवा बदलायला चढलेल्या माणसाला त्याची किंमत मोजावी लागते.

हा रिले स्वतंत्र, बंद डब्यात ठेवा आणि मेन्सची वायर कॅमेऱ्याच्या जंक्शन बॉक्समध्ये नेऊ नका. १२ व्होल्टची आणि मेन्सची वायर एकाच पाइपातून ओढू नका. मेन्सच्या बाजूचं काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. कॅमेऱ्याकडची बाजू तुम्ही केली तरी हरकत नाही.

रिलेवर "१० अँप" छापलेलं असतं म्हणून ३० वॅटचा एलईडी दिवा त्याला किरकोळ वाटतो. पण एलईडीच्या ड्रायव्हरमधला कपॅसिटर चालू होताना क्षणभर कित्येक अँप खेचतो. रोज रात्री पंचवीस वेळा असं झालं की कॉन्टॅक्ट हळूहळू वितळून चिकटतात. दिवा विझेनासा झाला आणि रिलेवर हलकी टिचकी मारताच विझला, तर हेच झालंय असं समजा. एकाहून जास्त दिवे असतील तर दिव्यांच्या भारासाठी बनवलेला मोठा रिले किंवा कॉन्टॅक्टर घ्या, आणि हा छोटा रिले फक्त त्याची कॉईल ओढू दे.

सायरन कॅमेऱ्यापासून २५ मीटर लांब आहे. नेटवर्क केबलच्या मोकळ्या जोडीतून वीज नेऊ का?

सायरनचा प्रवाह नेऊ नका, इशारा न्या. नेटवर्क केबलच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला साधारण ०.०८५ ओहम असतो. २५ मीटर जायचे आणि २५ यायचे, म्हणजे सव्वाचार ओहम. ५०० मिलिअँपला तिथे दोन व्होल्टहून जास्त गळतात आणि सायरनला दहाच्या आत मिळतात. तो वाजतो, पण दमल्यासारखा.

त्याऐवजी पुरवठा आणि रिले सायरनजवळ ठेवा आणि लांब केबलमधून फक्त कॉईलचा प्रवाह जाऊ द्या. ६० मिलिअँपला तीच केबल पाव व्होल्ट खाते, म्हणजे नगण्य. केबल तांब्याचा मुलामा दिलेल्या अॅल्युमिनिअमची असेल तर रोध आणखी वाढतो. तेव्हा हा हिशेब तिला लागू होत नाही.

कॅमेऱ्यात काय सेट करायचं?

नावं कंपनीगणिक थोडी बदलतात, पण तीन जागा असतात. हालचालीच्या पानावर क्षेत्र आखून संवेदनशीलता ठरवायची. `Linkage Method` मध्ये `Trigger Alarm Output` वर खूण करायची. `Arming Schedule` मध्ये वेळ भरायची. नुसती हालचाल चालू करून लिंकेजची खूण विसरणं हे "सगळं जोडलं तरी वाजत नाही" या तक्रारीचं सर्वांत साधं उत्तर आहे.

आउटपुटच्या स्वतंत्र पानावर `Delay` असतो. नावावरून वाटतं की उशिरा वाजेल, पण तो असतो इशारा आल्यावर आउटपुट किती वेळ चालू राहील याचा आकडा. सुरुवातीला ३० सेकंद ठेवा. `Manual` निवडलंत तर कोणी पडद्यावर जाऊन बंद करेपर्यंत सायरन ओरडत राहतो. मोजणी हालचाल सुरू झाल्यापासून होते की थांबल्यापासून, हे कॅमेऱ्यागणिक वेगळं असतं. घड्याळ लावून एकदा पाहून घ्या. थांबल्यापासून मोजत असेल तर कॅमेऱ्यासमोर हलणारी एक फांदी सायरन तासभर वाजवू शकते. तेव्हा सायरनच्या रिलेपुढे टाइमर रिले घालून तीन मिनिटांची कमाल ठरवा.

दिवा विझतो आणि काही सेकंदांत पुन्हा लागतो. रात्रभर हेच चालतं. बिघाड कुठे आहे?

कुठेच नाही. कॅमेरा स्वतःच्याच दिव्याला घाबरतोय.

रात्री दोन वाजता अंगणातून मांजर गेलं. दिवा लागला, कॅमेऱ्याला चित्र उजळ दिसलं, तो रात्रीच्या काळ्यापांढऱ्यातून रंगीतात आला. तीस सेकंदांनी दिवा विझला. आख्खं चित्र एकदम काळं झालं, चारपाच सेकंदांनी कॅमेऱ्याने फिल्टर सरकवून इन्फ्रारेड चालू केलं. साध्या हालचाल-ओळखीला वस्तू कळत नाही, चित्रातले ठिपके किती बदलले एवढंच कळतं. इथे तर सगळेच बदलले. म्हणून पुन्हा इशारा, पुन्हा दिवा. मांजर कधीच निघून गेलेलं असतं.

ओळखायची खूण नोंदींत सापडते. घटनांच्या यादीत वेळा अशा दिसतात:

```
02:10:04
02:10:39
02:11:14
02:11:49
```

दर ३५ सेकंदांनी, अगदी एका ठेक्यात. त्यातले ३० तुमच्या `Delay` चे आणि ५ दिवस-रात्र बदलाचे. खरी हालचाल अशी ठेक्यात कधी होत नाही.

उपाय करताना संवेदनशीलता कमी करण्याच्या मागे लागू नका. संपूर्ण चित्र बदलल्यावर कुठलीही संवेदनशीलता पुरत नाही, आणि माणूस मात्र सुटू लागतो. कॅमेऱ्यात माणूस किंवा वाहन ओळखण्याची सोय असेल तर इशारा तिच्यावर ठेवा. प्रकाश बदलला तरी तिथे माणसाचा आकार उगवत नाही. ती सोय नसेल तर दिवस-रात्र बदल आपोआप न ठेवता वेळापत्रकावर टाका, म्हणजे दिवा लागला तरी रात्रभर कॅमेरा काळ्यापांढऱ्यातच राहील. सोबत दिवा असा फिरवा की त्याचा झोत आखलेल्या क्षेत्रावर थेट पडणार नाही. एवढ्याने चक्र तुटलं नाही तर दिवा आणि सायरन वेगळे करा. दिवा कॅमेऱ्याऐवजी शरीराची उष्णता ओळखणाऱ्या वेगळ्या सेन्सरवर लावा आणि कॅमेऱ्याकडे फक्त सायरन ठेवा.

दिवा नाही, फक्त सायरन आहे, तरी तो विनाकारण वाजतो.

रात्री असेल तर कॅमेऱ्याच्या काचेवरचं कोळ्याचं जाळं आधी पाहा. इन्फ्रारेडमध्ये जवळचा किडा चित्रात टेनिसच्या चेंडूएवढा पांढरा दिसतो. संध्याकाळी आणि पहाटे एकेकदाच वाजत असेल तर तो दिवस-रात्र बदलाचा क्षण आहे. कॅमेरा पुन्हा सुरू होतानाच वाजत असेल, तर काही कॅमेरे चालू होताना आउटपुट क्षणभर हलवतात. त्यावर टाइमर रिलेमध्ये दोनेक सेकंदांचा चालू-विलंब ठेवला की झालं.

अजिबातच वाजत नाही. कुठून सुरुवात करू?

सायरनकडून कॅमेऱ्याकडे उलटं चला. सायरनच्या रिलेच्या कॉम आणि एनओमध्ये वायरचा तुकडा टेकवा. सायरन वाजला तर पुरवठा, फ्यूज आणि स्विच ठीक. मग कॅमेऱ्याकडची आउटची वायर सोडवून पुरवठ्याच्या ऋण टोकाला टेकवा. रिले ओढला तर रिलेही ठीक. आता राहिला कॅमेरा.

त्याच्यासाठी एक एलईडी आणि १ किलोओहमचा रोधक मालिकेत घ्या. रोधकाचं टोक धन १२ व्होल्टला, एलईडीचं आखूड टोक आउटला. कॅमेऱ्याच्या पानावरून आउटपुट हाताने चालू करा. एलईडी पेटला तर आउटपुट जिवंत आहे आणि घोटाळा लिंकेजमध्ये किंवा वेळापत्रकात. कॅमेऱ्याचं घड्याळ चुकीच्या टाइमझोनवर असेल तर "रात्रीचं" वेळापत्रक दुपारी चालू होतं, तेही तपासा. एलईडी नाही पेटला तर ग्राउंडची वायर. ती असूनही अंधार असेल तर आउटपुट गेलेलं आहे. आणि काहीही चालू न करता एलईडी कायम पेटलेला असेल, तर एकतर सेटिंगमध्ये `NC`, म्हणजे एरवी जोडलेलं आणि इशाऱ्याला उघडणारं आउटपुट, निवडलेलं आहे, किंवा ट्रान्झिस्टर चिकटलाय.

वीज गेली किंवा कोणी कॅमेऱ्याची वायर कापली तर?

वर दिलेल्या जोडणीत दोन्ही वेळा शांतता. विजेचा प्रश्न बॅटरीने सुटतो. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बंद लेड-अॅसिड बॅटरी, तिच्यासाठीच्या चार्जरसह, रिले आणि सायरनला पुरून उरते. पण कॅमेरा आणि पीओई स्विचलाही बॅकअप लागतो. नाहीतर सायरन जिवंत आणि त्याला उठवणारं कोणी नाही.

वायर कापण्यावर उत्तर म्हणजे उलटी जोडणी. आउटपुट `NC` करून रिले कायम ओढलेला ठेवायचा आणि सायरन त्याच्या एनसी कॉन्टॅक्टवर लावायचा. इशारा आला, वायर तुटली किंवा कॅमेरा मेला की रिले सुटतो आणि सायरन वाजतो. याची किंमत अशी की कॅमेऱ्याचं प्रत्येक अपडेट आणि रीस्टार्ट गल्लीभर ऐकू जाईल, आणि कॉईल दिवसरात्र ३० मिलिअँप खात राहील. पीओई बॅकअपवर नसेल तर हा मार्ग घेऊ नका. मेन्सचा दिवा तर या पद्धतीने कधीच लावू नका.

माझ्या कॅमेऱ्याला अलार्म आउटच नाही.

रेकॉर्डर असेल तर त्याची मागची बाजू पाहा. अनेक एनव्हीआरना अलार्म आउटचे स्क्रू असतात, आणि कॅमेऱ्याची हालचाल तिथे जोडता येते. रिले, डायोड, सगळं वरच्यासारखंच.

तेही नसेल तर नेटवर्कवरचा रिले. टास्मोटा नावाचं फर्मवेअर असलेल्या वायफाय रिलेला एका साध्या पत्त्यावरून चालू करता येतं:

```
http://192.168.1.60/cm?cmnd=Power%20On
```

आणि त्याच्या कन्सोलमध्ये एकदा `PulseTime 130` दिलं की तो दर वेळी ३० सेकंदांनी स्वतःहून बंद होतो. १३० मधून १०० वजा करायचे, म्हणून ३०. ही मर्यादा रिलेतच ठेवा, कारण "बंद कर" हा संदेश वायफायवर हरवला तर सायरनला थांबवणारं कोणी उरत नाही. सगळेच कॅमेरे मनासारखा पत्ता उघडू शकत नाहीत. काही फक्त ठरलेल्या साच्यातला संदेश पाठवतात. तेव्हा मध्ये होम असिस्टंटसारखा कायम चालू राहणारा दुवा लागतो.

कॅमेऱ्याच्या आतल्या स्पीकरच्या किंवा इन्फ्रारेड एलईडीच्या वायरी कापून त्यांच्यावर रिले चालवण्याचे प्रयोग करू नका. इन्फ्रारेड अंधार पडला की लागतं, चोर आला की नाही.